खातं काढून टाकायचंय, पण कोड जुन्या नंबरावर जातोय

मागच्या व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला होता. एखादं जुनं खातं कायमचं काढून टाकायचं आहे, पासवर्डही आठवतो, पण लॉगिन करताना कोड मागितला जातो आणि तो कोड अशा मोबाईल नंबरावर जातो जो आता आपल्याकडे नाही. म्हणजे घर आपलं, किल्ली आपल्या हातात, आणि कडी मात्र दुसऱ्याच्या हातात. आज आपण याच अडचणीकडे जरा सावकाश बघणार आहोत. कोड नेमका का येत नाही, तो कुठे जातो, आणि कोणत्या क्रमाने गेलं तर खातं खरंच बंद होतं.

पहिल्यांदा कोडचा प्रवास समजून घेऊ. आपण पासवर्ड टाकला की संकेतस्थळ सहसा सहा आकड्यांचा एक कोड तयार करतं. त्याची मुदत काही मिनिटांची असते. हा कोड एसएमएस पाठवणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे जातो आणि तिथून मोबाईल कंपनीकडे. आता मोबाईल कंपनी काय बघते? तिच्याकडे एक नोंदवही असते. तिच्यात लिहिलेलं असतं की अमुक नंबर आत्ता अमुक सिमला जोडलेला आहे. सिमचा स्वतःचा एक वेगळा ओळख क्रमांक असतो, जो आपल्याला कधी दिसत नाही. आपला दहा आकडी नंबर म्हणजे त्या सिमला तात्पुरती लावलेली पाटी. नंबर बंद झाला की पाटी काढली जाते, आणि नंतर तीच पाटी दुसऱ्याच्या सिमला लावली जाते.

संकेतस्थळाला यातलं काहीच माहीत नसतं. त्याच्याकडे फक्त नंबर असतो. पडद्यावर ‘कोड पाठवला आहे’ असं येतं, त्याचा अर्थ एवढाच की कोड मध्यस्थाकडे सोपवला. पोचला की नाही, आणि पोचला तर कुणाला, हे ते वाक्य सांगत नाही. आपण मात्र ते वाचून वाट बघत बसतो आणि मग ‘पुन्हा पाठवा’ दाबत राहतो. इथे दोन गोष्टी बिघडतात. एक तर बहुतेक ठिकाणी नवा कोड मागितला की आधीचा रद्द होतो. दुसरं म्हणजे ठरावीक वेळा मागणी झाली की संकेतस्थळाला संशय येतो आणि ते काही तास किंवा काही दिवस कोड पाठवणंच थांबवतं. म्हणून दोनदा कोड आला नाही की तिसऱ्यांदा बटण दाबू नका. आधी नंबराची अवस्था शोधा.

ही अवस्था तीनपैकी एक असते. नंबर अजून आपल्याच नावावर आहे पण सिम हरवलंय किंवा बंद आहे. नंबर तोडला गेलाय पण अजून कुणाला दिलेला नाही. किंवा तो दुसऱ्या माणसाला मिळालाय. ओळखायचं कसं? आधी दुसऱ्या फोनवरून त्या नंबरावर फोन लावून बघा. ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असं ऐकू आलं तर तो बहुधा तोडला गेलाय. घंटी वाजली आणि अनोळखी आवाज आला तर उत्तर मिळालंच. ‘बंद आहे’ एवढंच ऐकू आलं तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नका, कारण ते तिन्ही अवस्थांत होऊ शकतं. भारतातल्या नंबरांसाठी दूरसंचार विभागाचं `sancharsaathi.gov.in` हे संकेतस्थळ आहे. आपल्या नावावरच्या एखाद्या चालू नंबराने तिथे आत गेलं की आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत ते दिसतं. जुना नंबर त्या यादीत दिसला तर अर्धी लढाई जिंकली.

मुदतींचाही हिशेब करून बघा. दूरसंचार नियामकाच्या, म्हणजे ट्रायच्या नियमांप्रमाणे प्रीपेड नंबर ९० दिवस काहीच वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर २० रुपये कापून ३० दिवसांची वाढ मिळते. बंद झाल्यावरही १५ दिवसांची सवलत असते, तेवढ्यात पैसे भरून तोच नंबर परत चालू करता येतो. आणि एकदा पूर्ण बंद झालेला नंबर कमीत कमी ९० दिवस कुणालाही दिला जात नाही, असं ट्रायने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ते नोंदवून प्रकरण निकाली काढलं. म्हणजे नंबर सोडून चार-सहा महिने उलटले असतील तर तो दुसऱ्याच्या खिशात असू शकतो, असं धरूनच पुढचं पाऊल टाकायचं.

हा धोका कल्पनेतला नाही. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातल्या केव्हिन ली आणि अरविंद नारायणन या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी दोन मोबाईल कंपन्यांकडे नव्या ग्राहकांसाठी उपलब्ध असलेले २५९ नंबर तपासले. त्यातले १७१ नंबर आधीच्या मालकांच्या लोकप्रिय संकेतस्थळांवरच्या खात्यांना अजून जोडलेले निघाले. नंबराचा मालक बदलला होता, खात्याला त्याचा पत्ता नव्हता.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, नाशिकची एक मुलगी शिकायला जर्मनीला गेली. कॉलेजात असताना तिने एका समाजमाध्यमावर खातं उघडलं होतं. त्यात फोटो आहेत, जुने संदेश आहेत, आणि दोन टप्प्यांच्या लॉगिनसाठी नाशिकचा प्रीपेड नंबर आहे. परदेशात गेल्यावर रिचार्ज राहून गेला, नंबर बंद झाला. दोन वर्षांनी तिला ते खातं काढून टाकायचं आहे. ती पासवर्ड टाकते, आणि पडद्यावर येतं, शेवटचे दोन आकडे ४७ असलेल्या नंबरावर कोड पाठवलाय. तिने काय करावं?

पहिला प्रश्न तिने स्वतःला विचारायचा. हे खातं कुठल्या यंत्रावर अजून उघडं आहे का? कपाटातला जुना फोन, घरी भावाकडे असलेला लॅपटॉप, कुठलंही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण उघडं असलेलं खातं म्हणजे आत बसलेला आपला माणूस. त्या यंत्रावरून चुकूनही लॉगआउट करू नका, ब्राउझरची साठवण पुसू नका, अॅप काढून परत टाकू नका. आपल्या उदाहरणात नाशिकच्या घरी तिचा जुना फोन सापडतो. भाऊ तो चार्ज करून वायफायला जोडतो, आणि खातं उघडं निघतं.

आता आनंदाने थेट ‘खातं हटवा’कडे धावायचं नाही. तिथे गेलं तरी तेच विचारलं जाईल, पासवर्ड आणि कोड. आत असूनही परत का विचारतात? कारण खातं हटवणं ही परत न फिरवता येणारी कृती आहे. कुणी आपला उघडा फोन पळवला तर त्याने दोन मिनिटांत सगळं पुसून टाकू नये, म्हणून अशा कृतीआधी ओळख नव्याने तपासतात. पैसे काढताना बँकेत सही पुन्हा जुळवून बघतात, तसंच हे.

म्हणून क्रम असा ठेवायचा की आधी नंबर बदलायचा, मग हटवायचं. बऱ्याच ठिकाणी उघड्या खात्यातून नंबर बदलताना पासवर्ड आणि नव्या नंबरावरचा कोड एवढंच लागतं. काही ठिकाणी जुन्या नंबराचाही कोड मागतात. तसं झालं तर त्याच पानावर दुसरा मार्ग शोधा. इंग्रजीत तिथे `Try another way` असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यात कोड तयार करणारं अॅप, पासकी, नोंदवलेला ईमेल किंवा आधी घेऊन ठेवलेले राखीव कोड असे पर्याय असू शकतात. गुगल असे राखीव कोड एका वेळी दहा देतं, प्रत्येक आठ आकडी, आणि प्रत्येक एकदाच चालतो. आपण ते केव्हातरी छापून किंवा फाईलमध्ये जपून ठेवलेले असतात आणि विसरून गेलेले असतो. जुन्या ईमेलमध्ये, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये एकदा शोधाच.

इथे एक गोम आहे. एकाच खात्यात नंबर तीन वेगवेगळ्या जागी असू शकतो. एक प्रोफाइलमधला संपर्काचा नंबर, दुसरा पासवर्ड विसरल्यावर वापरायचा नंबर, आणि तिसरा दोन टप्प्यांच्या लॉगिनचा. लोक पहिला बदलतात, ‘झालं’ म्हणतात, आणि कोड तरीही ४७ वाल्या नंबरावरच जात राहतो. आपल्या मुलीने तिन्ही जागा तपासायच्या, जर्मनीतला नंबर घालायचा आणि जुना नंबर स्पष्टपणे काढून टाकायचा. नवा नंबर घातला म्हणजे जुना आपोआप गेला असं होत नाही.

दुसरी गोम थांबण्याची. नंबर बदलल्यावर काही सेवा जुना नंबर काही दिवस मान्य धरतात. गुगल पासवर्ड परत मिळवण्याचा नंबर बदलल्यावर सात दिवसांपर्यंत आधीच्या नंबरावर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. हेतू चांगला आहे, चोराने नंबर बदलला तर खऱ्या मालकाला संधी मिळावी. पण आपला जुना नंबर दुसऱ्याकडे गेलेला असेल तर हीच सोय आपल्या विरुद्ध जाते. म्हणून नंबर बदलला की त्याच वेळी पासवर्डही नवा ठेवायचा, पण पासवर्ड परत मिळवण्याचा कोड त्यालाही वळसा घालू शकतो, तेव्हा ते दिवस सावध राहायचं.

मग हटवण्याची विनंती. फेसबुक आणि इन्स्टाग्राम अशी विनंती आल्यावर ३० दिवस थांबतात आणि तेवढ्यात लॉगिन करून ती मागे घेता येते. आता लक्षात आलं का, जुना नंबर आधी काढायला का सांगतोय? तो तसाच राहिला आणि नव्या मालकाने त्या नंबराने आत येण्याचा मार्ग शोधला, तर आपलं हटवणं तो थांबवू शकतो, आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही. त्या ३० दिवसांत आपणही सहज बघायला म्हणून आत जायचं नाही. मुदत संपल्यावर एकदा खात्याचा पत्ता दुसऱ्या कुणाच्या फोनवरून उघडून बघायचा.

हा झाला सोपा रस्ता. समजा, जुना फोन सापडलाच नाही, राखीव कोड नाहीत, दुसरा कुठलाच पर्याय पडद्यावर येत नाही. मग दोन दारं उरतात.

पहिलं दार मोबाईल कंपनीचं. नंबर अजून आपल्या नावावर असेल किंवा सवलतीच्या मुदतीत असेल तर तेच सिम नव्याने मिळतं. पण इथे घरोघरी एक अडचण निघते. नंबर वापरायची मुलगी आणि कागदोपत्री तो वडिलांच्या नावावर. नवं सिम ज्याच्या नावावर नंबर आहे त्यालाच, ओळखपत्र दाखवून मिळतं, म्हणजे वडिलांनाच दुकानात जावं लागेल. आणि नवं सिम चालू झाल्यावर लगेच कोड मागू नका. दूरसंचार विभागाच्या नियमाप्रमाणे सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात, जेणेकरून कुणी फसवून आपल्या नंबराचं सिम काढलं तरी त्याला लगेच कोड मिळू नयेत. पहिल्याच तासात कोड आला नाही म्हणून ‘हे सिमही बेकार’ असं ठरवून लोक पुन्हा दुकान गाठतात. एक दिवस थांबलं की काम होतं.

दुसरं दार लेखी मागणीचं. नंबर दुसऱ्याचा झाला असेल तर मोबाईल कंपनी काहीच करू शकत नाही, आणि करूही नये. मग सेवा चालवणाऱ्या कंपनीच्या विदासुरक्षा अधिकाऱ्याला किंवा तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहायचं. त्यांचा पत्ता गोपनीयता धोरणाच्या पानावर असतो, बहुधा अगदी खाली. आपली मुलगी जर्मनीत राहते, त्यामुळे तिला युरोपचा विदासंरक्षण कायदा लागू होतो. त्याच्या कलम १७ मध्ये आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे, आणि कलम १२ प्रमाणे कंपनीने एका महिन्याच्या आत उत्तर द्यायचं असतं. काम गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, पण तसं पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम १२ मध्ये माहिती पुसून घेण्याचा हक्क दिलेला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतात, कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे.

पत्र कसं लिहायचं? खात्यात जो ईमेल नोंदवलेला आहे त्याच ईमेलवरून. कारण कंपनीला एकच शंका असते, लिहिणारा खरा मालक आहे का? ही शंका रास्त आहे आणि कायदाही त्यांना ती घेऊ देतो, आणखी पुरावा मागू देतो. म्हणून तो पुरावा आपणच पुढे करायचा. खात्याचं नाव आणि पत्ता, ते साधारण कुठल्या वर्षी उघडलं, शेवटचं कुठल्या शहरातून वापरलं, जुना नंबर कोणता होता आणि साधारण केव्हा बंद झाला, जुन्या रिचार्जची पावती असेल तर ती. मग दोन स्पष्ट वाक्यं. या नंबरावर कोड मिळणं शक्य नाही, तेव्हा नोंदवलेल्या ईमेलवरून ओळख तपासावी. आणि खातं व त्यातली माहिती पुसून टाकल्याचं लेखी कळवावं. ‘माझा लॉगिन होत नाही, मदत करा’ असं लिहिलं तर ते पत्र मदत विभागात जातं आणि तिथून आपल्याला पुन्हा त्याच लॉगिनच्या पानावर पाठवतात. ‘माहिती पुसण्याची मागणी’ असं विषयातच लिहिलं तर ते योग्य टेबलावर जाण्याची शक्यता वाढते. ओळखपत्र मागितलंच तर आधारची पहिली आठ आकडी झाकलेली प्रत द्या, आणि ती कशासाठी दिली आहे ते त्यावर लिहा.

या मार्गाला मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. खात्यात खोटं नाव होतं, ईमेलही बंद पडलाय आणि नंबरही गेला, तर मालकी सिद्ध करायला काहीच उरत नाही. अशा वेळी कंपनीने नकार दिला तर तो चुकीचा म्हणता येत नाही. कारण जो दरवाजा आपल्यासाठी पुराव्याशिवाय उघडेल, तो चोरासाठीही उघडेल. मग उरतो काळाचा उपाय. काही सेवा दीर्घकाळ न वापरलेली खाती स्वतःच काढून टाकतात. गुगलचं धोरण दोन वर्षांच्या निष्क्रियतेचं आहे, व्हॉट्सअॅपचं साधारण १२० दिवसांचं. प्रत्येक ठिकाणी तसं असतंच असं नाही.

श्रोत्यांमधून एक प्रश्न आला आहे. नंबर ज्याला मिळालाय त्यालाच फोन करून ‘तुम्हाला आलेला कोड जरा सांगता का’ असं विचारलं तर?

विचारू नका. आपण खरे असलो तरी आपलं बोलणं शब्दाशब्दाने ठगाच्या बोलण्यासारखं असतं. शहाणा माणूस नकारच देईल, आणि त्याने नकारच द्यावा असं आपण इतकी वर्षं लोकांना सांगत आलोय. आणि त्याने होकार दिला तर आपण त्याला सांगून बसतो की तुमच्या नंबरावर माझं खातं उघडतं. उलट बाजूही लक्षात ठेवा. आपण नवं सिम घेतलं आणि त्यावर अनोळखी सेवांचे कोड येऊ लागले, तर ते आधीच्या मालकाचे आहेत. ते वापरायचे नाहीत, कुणाला वाचून दाखवायचे नाहीत.

आणखी एक प्रश्न आहे. बंद झालेल्या नंबरांची यादी असते ना, मग संकेतस्थळं ती का बघत नाहीत?

यादी असते. तोडलेल्या नंबरांची यादी तयार होते, आणि रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना ती वापरून आपल्याकडचे ग्राहकांचे नंबर तपासायला सांगितलं. अमेरिकेतही हात बदललेल्या नंबरांचा विदासाठा २०२१ पासून आहे. पण बँकेबाहेरच्या साध्या संकेतस्थळांनी, समाजमाध्यमांनी, खरेदीच्या अॅपनी अशी तपासणी केलीच असेल असं धरून चालता येत नाही. त्यामुळे हे काम आपल्याकडेच राहतं.

ते काम कधी करायचं? सिम सोडायच्या आधी, ते अजून फोनमध्ये असताना. एसएमएसच्या पेटीत ‘ओटीपी’ आणि ‘कोड’ हे शब्द शोधले की कोणकोणत्या सेवांनी या नंबरावर कोड पाठवलेत त्याची यादी आपोआप तयार होते. त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन नंबर बदलायचा, आणि जिथे सोय असेल तिथे एसएमएसऐवजी कोड तयार करणारं अॅप लावायचं. ते अॅप सेटअपच्या वेळी मिळालेलं गुपित आणि घड्याळातली वेळ यांवरून बहुधा दर ३० सेकंदांनी नवा कोड काढतं, त्याला नंबरही लागत नाही आणि नेटवर्कही. जी खाती नकोच आहेत ती तेव्हाच हटवायची. संध्याकाळभराचं काम आहे. हेच नंबर गेल्यावर करायला निघालो तर महिना जातो.